फ्लेअर एमआरआयवरचे मायलिनचे डाग: मेंदूतल्या पोकळ्यांशेजारचा प्लाक कसा ओळखायचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे पान दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, रेडिओलॉजी किंवा न्यूरॉलॉजी नुकतीच शिकायला लागलेले निवासी डॉक्टर आणि एमआरआयचे तंत्रज्ञ. दुसरे, हातात रिपोर्ट पडल्यावर 'पेरिव्हेंट्रिक्युलर' या शब्दापाशी अडलेले रुग्ण आणि त्यांचे घरचे. मल्टिपल स्क्लेरोसिसचे, म्हणजे एमएसचे, उपचार इथे नाहीत. चित्रावरचा पांढरा डाग प्लाक, म्हणजे मज्जातंतूंवरचं मायलिन नावाचं आवरण झिजून पडलेला डाग, आहे की आणखी काही, एवढ्याच प्रश्नावर हे पान आहे.

फ्लेअर म्हणजे नेमकं काय? त्यात पाणी काळं आणि डाग पांढरे का दिसतात?

साध्या टी-टू चित्रात पाणी पांढरं दिसतं. मायलिन झिजलेल्या जागीही पाण्याचा अंश वाढलेला असतो, म्हणून तो डागसुद्धा पांढराच येतो. मेंदूच्या मधोमध व्हेंट्रिकल नावाच्या पोकळ्या आहेत आणि त्या मेंदूजलाने भरलेल्या असतात. आता पांढऱ्याशुभ्र पोकळीला चिकटून असलेला पांढरा डाग शोधायचा कसा? भिंतीला चुना लावला आणि त्यावर खडूची रेघ ओढली, अशी गत होते.

फ्लेअरमध्ये यावर एक युक्ती केलेली असते. सुरुवातीला एक उलटा पल्स देतात आणि मग दोन ते अडीच सेकंदांच्या आसपास थांबतात. मोकळ्या पाण्याचा सिग्नल उलट्या बाजूने परत येताना शून्यातून जातो, नेमक्या त्या क्षणी चित्र घ्यायला सुरुवात होते. पाणी काळं पडतं. डागातलं पाणी मात्र ऊतकांत अडकलेलं असतं, त्याचा वेग वेगळा असतो, त्यामुळे ते शून्यावर नसतं आणि पांढरं राहतं. काळ्या पोकळीच्या काठावर पांढरा डाग उठून दिसतो. १९९२ च्या सुमारास लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधल्या गटाने ही पद्धत मांडली. पोकळीशेजारचे डाग शोधायला आजही तीच पहिली.

रिपोर्टमध्ये 'फ्लेअर हायपरइंटेन्सिटी' लिहिलंय. म्हणजे प्लाकच ना?

नाही. हायपरइंटेन्सिटी म्हणजे 'आजूबाजूपेक्षा पांढरं दिसतंय', एवढंच. वर्षानुवर्षांचं ब्लड प्रेशर, मधुमेह, अर्धशिशी, जुना मार, संसर्ग, नुसतं वय, या सगळ्यांचे डाग फ्लेअरवर पांढरेच येतात. रंगावरून कारण कळत नाही. कळतं ते जागेवरून, आकारावरून आणि डाग कोणत्या दिशेने पडलाय त्यावरून. शिकणाऱ्यांना मी नेहमी सांगते, डाग मोजायला बसू नका, आधी तो कशाला टेकलाय ते बघा.

मायलिनचे डाग पोकळ्यांच्या शेजारीच का पडतात?

कारण तिथल्या शिरा. मेंदूच्या पांढऱ्या भागातलं, म्हणजे व्हाइट मॅटरमधलं, अशुद्ध रक्त घेऊन बारीक शिरा पोकळीच्या भिंतीकडे येतात. त्या भिंतीला समांतर न धावता जवळजवळ काटकोनात येऊन मिळतात, कंगव्याचे दात पाठीला मिळावेत तशा. एमएसमधला दाह या शिरांभोवती सुरू होतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी शिरेतून बाहेर पडतात आणि शिरेच्या लांबीने भोवतालचं मायलिन खातात. साहजिकच डागही शिरेच्या दिशेने लांबट होतो. त्याचं एक टोक पोकळीच्या भिंतीला आणि दुसरं बाहेर व्हाइट मॅटरमध्ये.

एडिंबराच्या जेम्स डॉसन यांनी १९१६ मध्ये, मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून, हे बोटांसारखे पसरणारे डाग तपशीलवार लिहून ठेवले. एमआरआय यायला तेव्हा साठेक वर्षं बाकी होती. म्हणूनच रिपोर्टमध्ये आजही 'डॉसन्स फिंगर्स' असा शब्द येतो. पोकळीवर तळहात टेकवून बोटं बाहेर पसरली आहेत, असं डोळ्यांपुढे आणा.

'पोकळीशेजारी' म्हणजे किती शेजारी? दोन-तीन मिलिमीटर अंतर चालेल का?

नाही चालत, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. एमएसच्या निकषात पेरिव्हेंट्रिक्युलर म्हणजे लॅटरल व्हेंट्रिकलच्या भिंतीला प्रत्यक्ष टेकलेला. डाग आणि पोकळी यांच्यामध्ये निरोगी व्हाइट मॅटरची पट्टी दिसत असेल, तर तो डाग पेरिव्हेंट्रिक्युलर म्हणून मोजायचा नाही. तो 'खोल व्हाइट मॅटरमधला' डाग झाला आणि निदानाच्या हिशोबात त्याला ते वजन नाही. दोन्ही पोकळ्यांवर छतासारख्या असलेल्या कॉर्पस कॅलोझममधला, पोकळीला लागून असलेला डाग मात्र याच गटात धरतात.

आकाराचीही अट आहे. लांबीत किमान ३ मिमी हवा. त्याहून बारीक ठिपके निरोगी माणसांतही सापडतात. शिवाय काप पातळ असतील तर डाग लागोपाठच्या दोन कापांत तरी दिसायला हवा. एकाच कापात चमकून पुढच्यात नाहीसा झालेला ठिपका बहुधा खरा डाग नसतो, सिग्नलमधला गोंगाट असतो.

पण पोकळीच्या कडेला पांढरी किनार तर जवळजवळ सगळ्यांच्याच एमआरआयत दिसते!

बरोबर, आणि ती ओळखता आली की निम्मी चूक टळते. लॅटरल व्हेंट्रिकलच्या पुढच्या शिंगांच्या टोकाला टोपीसारखा पांढरेपणा असतो. पोकळीच्या अंगाने पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक रेघ असते. पुढच्या शिंगाच्या टोकाशी आतलं अस्तर जरा विरळ असतं आणि तिथल्या ऊतकांत पाणी थोडं जास्त असतं. हा आजार नाही. वयाबरोबर टोपी थोडी जाड होते.

फरक असा. टोपी आणि रेघ दोन्ही बाजूंना सारख्या असतात, कडा गुळगुळीत असते आणि त्या भिंतीला समांतर पसरतात. प्लाक डाव्या-उजव्या बाजूला सारखे नसतात. त्यांची कडा ठसठशीत असते, आकार अंड्यासारखा, आणि ते भिंतीपासून बाहेर निघतात. साडीचा काठ आणि साडीवर पडलेला डाग, यांत घोळ होत नाही तसंच हे. काठ सगळीकडे सारखा चालत जातो, डाग मधेच उठतो.

आडव्या कापात काही दिसलं नाही, पण डॉक्टर म्हणतात उभ्या कापात बोटं दिसतायत. हे कसं?

यावर जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडच्या बऱ्याच तपासण्या अजून ५ मिमी जाडीच्या आडव्या कापांवरच संपतात.

कॉर्पस कॅलोझम म्हणजे मेंदूचे दोन अर्ध जोडणारा तंतूंचा जाड पूल. त्याची खालची बाजू हेच पोकळीचं छप्पर. एमएसचे सुरुवातीचे डाग पुष्कळदा या छपराच्या आतल्या बाजूला, नेमके पोकळीच्या सांध्यावर पडतात. आडवा काप छपराला समांतर जातो. ५ मिमीच्या कापात छप्पर, पोकळी आणि ३-४ मिमीचा डाग यांची सरासरी होऊन एक करडा पट्टा उरतो. डाग त्यात बुडून जातो.

हाच मेंदू नाक ते डोक्याची मागची बाजू अशा रेषेत उभा चिरला, म्हणजे सॅजिटल काप घेतला, की कॉर्पस कॅलोझम कमानीसारखा दिसतो. मध्यरेषेपासून अगदी थोडं बाजूला सरका. कमानीच्या खालच्या कडेवरून वर व्हाइट मॅटरमध्ये ज्योतींसारखे पांढरे डाग चढताना दिसतील. सुरुवातीच्या आजारात पूर्ण बोटं नसतात. कमानीच्या खालच्या कडेला टिंब-रेघ, टिंब-रेघ असा खडबडीतपणा दिसतो. निरोगी माणसात ती कड सरळ आणि काळी असते.

याच कारणाने एमएसच्या तपासणीसाठीच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींमध्ये थ्री-डी फ्लेअरला मध्यवर्ती स्थान आहे. १ मिमीच्या आसपासच्या जाडीचं एकदा घेतलं की ते नंतर कोणत्याही दिशेने कापून बघता येतं. ते नसेल तर टू-डी काप ३ मिमीपेक्षा जाड नकोत आणि मध्ये अंतर नको. सेंटरवर जाण्याआधी फोनवर एवढंच विचारा: "सॅजिटल फ्लेअर घेता का?" सीडी उघडल्यावर मालिकांच्या यादीत `SAG FLAIR` किंवा `3D FLAIR` असं काही दिसतंय का तेही बघता येतं.

एखादं उदाहरण घेऊन सांगाल का?

सांगते. शिकवताना वापरते ते हे उदाहरण, ओळखीचे तपशील बदललेले.

वय ३१, शाळेत शिकवणाऱ्या बाई. दोन आठवड्यांपासून उजवा हात बधिर, खडू धरला की धरल्याचं कळत नाही. खोदून विचारल्यावर आठवलं: दोन वर्षांपूर्वी डावा डोळा हलवला की दुखायचा, लाल रंग फिका दिसायचा. तीनेक आठवड्यांत आपोआप बरं झालं, मध्ये चष्म्याचा नंबर बदलून घेतला होता. पहिल्या तपासणीत फक्त ५ मिमीचे आडवे काप होते आणि रिपोर्ट होता: 'काही अविशिष्ट पांढरे ठिपके, वयोमानानुसार'. एकतिसाव्या वर्षी वयोमान कसलं?

मी चित्रं उघडली तेव्हा पहिल्यांदा पुढच्या शिंगांच्या टोप्या बाजूला काढल्या. दोन्हीकडे सारख्या, गुळगुळीत, म्हणजे सोडून द्यायच्या. मग डाव्या कपाळाकडच्या व्हाइट मॅटरमधले दोन गोल ठिपके, प्रत्येकी २ मिमी, कशालाच न टेकलेले. तेही सोडले. उरलेल्यांत उजव्या लॅटरल व्हेंट्रिकलच्या मधल्या भागाला टेकलेला एक डाग होता, ९ मिमी लांब आणि ४ मिमी रुंद. त्याची लांबी भिंतीशी काटकोनात. डाव्या बाजूला मागे, पोकळीच्या कोपऱ्याशी ६ मिमीचा दुसरा, तोही टेकलेला. नंतर सॅजिटल थ्री-डी फ्लेअर करून घेतलं, तर कॉर्पस कॅलोझमच्या खालच्या कडेला आणखी तीन निघाले. आडव्या कापांत त्यांचा मागमूसही नव्हता.

आता दुसऱ्या जागा. डाव्या टेम्पोरल भागात मेंदूच्या सालीला टेकलेला ५ मिमीचा एक डाग, त्याच्या आणि सालीच्या मध्ये काहीच मोकळं नाही. मानेच्या एमआरआयत तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर, मज्जारज्जूच्या मागच्या उजव्या कडेला एक छोटा डाग, एका मणक्याच्या उंचीपेक्षाही कमी. उजवा हात का बधिर, त्याचं उत्तर तिथे होतं. कॉन्ट्रास्ट दिल्यावर हा मज्जारज्जूतला डाग उजळला, पोकळीशेजारचे उजळले नाहीत. म्हणजे काही ताजे, काही जुने.

तीन वेगवेगळ्या जागा आणि दोन वेगवेगळे काळ एकाच दिवसाच्या तपासणीत मिळाले. न्यूरॉलॉजिस्टनी बाकीच्या रक्ततपासण्या करून इतर कारणं बाजूला केली, मग निदानाचं नाव घेतलं. नाव घेणं हे चित्राचं काम नाही. चित्रातला एकही डाग उजळ आहे 'म्हणून' मोजला नव्हता, प्रत्येक डाग कुठे टेकलाय ते बघून मोजला होता, एवढं लक्षात घ्या.

ब्लड प्रेशरचे, वयाचे डाग यांपेक्षा वेगळे कसे ओळखायचे?

बारीक धमन्यांच्या आजाराचे डाग धमन्यांच्या वाटेने पडतात, शिरांच्या नाही. साधारण दोन्ही बाजूंना सारखे, विस्कटलेल्या कडांचे, आणि पुष्कळदा पोकळीपासून सुटे असतात. वाढले की एकमेकांत मिसळून पोकळीभोवती झालर होते. कॉर्पस कॅलोझम सहसा वाचतो. मेंदूच्या सालीखालची अगदी पातळ तंतूंची पट्टीही वाचते, तर एमएसला नेमकी ती आवडते. मेंदूच्या देठात, पॉन्समध्ये, वयाचे डाग मध्यभागी असतात आणि एमएसचे कडेला.

साठीतला मधुमेही माणूस आणि दोन्ही बाजूंना मऊ पांढरी झालर, अशी जोडी असेल तर एमएसचा विचार मागे ठेवावा. उलट अडचणही येते: पन्नाशीच्या बाईंना ब्लड प्रेशरही आहे आणि खरे प्लाकही. अशा वेळी सॅजिटल काप आणि मज्जारज्जू बघा. वयाचे डाग मज्जारज्जूत पडत नाहीत.

डागाच्या मधोमध शीर दिसते म्हणतात, ते काय?

वर म्हटलं तसं डाग शिरेभोवती वाढतो. लोहाला संवेदनशील असं खास चित्र घेतलं, तर पांढऱ्या डागाच्या मधोमध काळी बारीक रेघ दिसते, ती शीर. एमएसच्या बहुतेक डागांत ती सापडते, धमन्यांच्या आजारात क्वचित. एमएसच्या निदानासाठी वापरतात त्या मॅकडोनाल्ड निकषांच्या २०२४ च्या आवृत्तीत या खुणेला पुराव्याचं स्थान मिळालं. त्यासाठी चांगलं मशीन, योग्य मालिका आणि वाचणाऱ्याची सवय, तिन्ही लागतात. साध्या फ्लेअरवर शीर दिसली नाही म्हणून प्लाक नाही, असा अर्थ काढू नका.

पोकळीला टेकलेले पण एमएस नसलेले डाग असतात का?

असतात. न्यूरोमायलायटिस ऑप्टिकामध्ये डाग पोकळीच्या अस्तराच्या अंगाने आडवे पसरतात, बोटांसारखे बाहेर जात नाहीत. तिसऱ्या आणि चौथ्या व्हेंट्रिकलच्या काठावर ते जास्त दिसतात. सुसाक सिंड्रोममध्ये कॉर्पस कॅलोझमच्या ऐन मध्यात गोल, बर्फाच्या गोळ्यासारखे डाग असतात, खालच्या कडेला नाही. हायड्रोसेफॅलसमध्ये पोकळी फुगते आणि पाणी भिंतीतून झिरपून भोवती सारखी पांढरी झालर करतं. तिथे पोकळीचा आकारच सगळं सांगतो.

फ्लेअर कुठे फसवतं?

मुख्यतः तीन ठिकाणी. मेंदूच्या मागच्या-खालच्या भागात, लहान मेंदू आणि देठापाशी, फ्लेअरवर डाग फिके पडतात. तिथे साधं टी-टू चित्र जास्त भरवशाचं. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून बघायची सवय लावावी.

दुसरं, वाहतं पाणी. तिसऱ्या आणि चौथ्या व्हेंट्रिकलमध्ये मेंदूजल ठोक्यागणिक पुढेमागे होतं. काप घेताना शून्य न झालेलं पाणी बाहेरून आत येतं आणि पोकळीतच पांढरा धूर दिसतो. तो पोकळीच्या आत असतो, भिंतीत नाही, आणि टी-वन चित्रावर त्या जागी काहीच नसतं.

तिसरं, धातू. दातांच्या ब्रेसेसमुळे जवळचं चुंबकीय क्षेत्र बिघडतं, तिथलं पाणी नीट दबत नाही आणि कपाळाच्या खालच्या बाजूला खोटा उजेड पडतो. अशा वेळी आजूबाजूची सगळी जागा वेडीवाकडी दिसते, म्हणून ओळखायला सोपं जातं.

आणि एक उलटा प्रकार: टी-टूवर पांढरा पण फ्लेअरवर काळा असलेला लांबट ठिपका. तो प्लाक नव्हे, रक्तवाहिनीभोवतीची पाण्याची नैसर्गिक फट आहे. पाण्याला पाण्यासारखं वागू द्या आणि पुढे चला.

फ्लेअरवरून डाग ताजा की जुना हे कळतं का?

फ्लेअरवरून नाही. दहा वर्षांपूर्वीचा आणि दहा दिवसांपूर्वीचा, दोन्ही सारखेच पांढरे. ताजा डाग गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट दिल्यावर टी-वन चित्रावर उजळतो आणि हे उजळणं साधारण काही आठवडेच टिकतं. कधी कधी तो पूर्ण कडं न होता सालीच्या बाजूला तुटलेलं कडं होतो. अर्धवट अंगठीसारखा हा आकार ट्यूमरपेक्षा मायलिनच्या डागाकडे बोट दाखवतो. टी-वनवर कायमचा काळा राहिलेला डाग म्हणजे तिथले तंतूही गेले.

पोकळीशेजारी एकच डाग आहे. मग एमएस झालाच का?

एका डागाने जागेच्या चार-पाच खणांपैकी एकच खण भरतो. २०१७ च्या निकषांत पोकळीशेजार, साल किंवा सालीखालचा भाग, मेंदूचा देठ आणि लहान मेंदू, मज्जारज्जू असे चार खण होते. २०२४ मध्ये डोळ्याची नस हा पाचवा आला. सहसा किमान दोन खण भरावे लागतात. त्याबरोबर सहसा एमएसला साजेसा त्रास झालेला असतो. डोकेदुखीसाठी केलेल्या एमआरआयत एकच डाग सापडला, तर त्यावरून आजाराचं नाव लावू नये. काही महिन्यांनी पुन्हा बघायचं की नाही, ते न्यूरॉलॉजिस्ट ठरवतील.

पुढच्या वर्षी पुन्हा एमआरआय आहे. काय घेऊन जाऊ?

जुनी सीडी. फिल्म नाही, सीडीच. एका फिल्मवर वीसेक चित्रं छोटी करून छापलेली असतात, त्यांतली ४ मिमीची बोटं मोजता येत नाहीत. खिडकीच्या उजेडात मोबाइलने काढलेल्या फिल्मच्या फोटोवर तर काहीच नाही. शक्यतो तेच सेंटर, तेच मशीन, तीच कापांची जाडी असू द्या. ५ मिमीच्या जुन्या तपासणीशेजारी १ मिमीची नवी ठेवली, की तीन 'नवे' डाग दिसतात. ते आजार वाढल्यामुळे आलेले नसतात, आधीही तिथेच होते. वर सांगितलेल्या बाईंच्या कॉर्पस कॅलोझममधल्या डागांचं हेच झालं असतं.